घड्याळावर अडकलेला मेसेज: आधी तो वाचवा, मग वाट मोकळी करा

"सर, काल दुपारी तीनपासून व्यापाऱ्याला केलेले सात मेसेज व्हॉट्सॲपवर घड्याळाच्या खुणेवरच थांबले आहेत. घरच्या वायफायची रेंज पूर्ण आहे, यूट्यूबही चालते आहे. त्यात गाड्यांचा हिशेब आणि दोन व्हॉइस मेसेज आहेत, ते आता आठवून पुन्हा सांगता येणार नाहीत. व्यापाऱ्याने मला ब्लॉक केले असेल का? मुलगा म्हणतो, ॲप काढून पुन्हा टाका. टाकू का?" (पिंपळगाव बसवंत, ता. निफाड)

ॲप काढू नका. हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत फोनमधले काहीही पुसू नका आणि व्हॉट्सॲपमधून बाहेरही पडू नका. व्यापाऱ्याबद्दलची शंकाही मनातून काढून टाका. त्याने ब्लॉक केले असते, त्याचा फोन बंद असता किंवा त्याच्याकडे नेट नसते, तरी तुमच्या मेसेजसमोर एक बरोबरची खूण आलीच असती. ती एक खूण म्हणजे मेसेज तुमच्या फोनमधून निघून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचला. दोन खुणा म्हणजे तो समोरच्याच्या फोनवर उतरला. घड्याळ या दोन्हींच्या आधीचे आहे. मेसेज अजून तुमच्या फोनच्या बाहेरच पडलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे, त्यामुळे दोष शोधायचा तो तुमचा फोन आणि सर्व्हर यांच्यामधल्या वाटेवर. समोरच्या माणसाचा या घड्याळाशी काहीही संबंध नसतो.

पुढचे सगळे याच एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून ती थोडी उलगडून सांगतो. तुम्ही पाठवण्याचे बटण दाबता, तेव्हा ॲप तो मजकूर आधी फोनमधल्याच एका डेटाबेसमध्ये नोंदवते, मग तो समोरच्याच्या किल्लीने कुलूपबंद करून सर्व्हरशी चालू असलेल्या जोडणीवरून पाठवते. सर्व्हरकडून 'मिळाला' अशी पोच आली, की घड्याळ जाऊन खूण येते. एकदा सर्व्हरवर पोचलेला मेसेज समोरच्याचा फोन बंद असला तरी तिथे 30 दिवसांपर्यंत थांबून राहू शकतो. पण पोच येईपर्यंत त्या मेसेजची जगातली एकमेव प्रत तुमच्या फोनच्या त्या डेटाबेसमध्ये असते. सर्व्हरवर ती नाही, व्यापाऱ्याकडे नाही, आणि कंपनीला विचारूनही मिळणार नाही. ॲप काढले की तो डेटाबेस त्याच्याबरोबर पुसला जातो. मुलाचा सल्ला वाईट हेतूने दिलेला नाही. एरवी अडकलेले ॲप नव्याने टाकल्याने सुधारते हे खरे, पण या एका प्रसंगी तो उपाय नेमकी तीच वस्तू नष्ट करतो, जी आपल्याला वाचवायची आहे. शिवाय नव्याने टाकलेल्या व्हॉट्सॲपला नंबरची पडताळणी करायला त्याच सर्व्हरपर्यंत पोचावे लागते. वाट बंद असताना जुने ॲपही हातचे जाते आणि नवेही सुरू होत नाही.

म्हणून पहिले काम मेसेज बाहेर काढून ठेवण्याचे. फोन विमान मोडवर टाका. हे उलटे वाटेल, पण कारण आहे: वाट मधेच मोकळी झाली तर सातही मेसेज तुमच्या संमतीशिवाय एकदम निघून जातील, आणि त्यातला एखादा आता पाठवायचा नसेलही. विमान मोडवर ती चॅट उघडा, पहिल्या मेसेजवर बोट दाबून धरा, मग बाकीचे लिखित मेसेज एकेक स्पर्शाने निवडा आणि वरच्या पट्टीतल्या कॉपीच्या खुणेवर दाबा. फोनमधल्या नोट्स लिहिण्याच्या ॲपमध्ये ते चिकटवा. अनेक मेसेज एकत्र कॉपी केले की प्रत्येकाच्या पुढे तारीख, वेळ आणि तुमचे नाव आपोआप येते. हिशेबाच्या मेसेजला याचा फायदाच आहे, कारण कोणती गाडी कधी कळवली होती तेही टिपले जाते. चिकटवलेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला, आणि शक्य असेल तर स्क्रीनचा फोटोही काढून ठेवा.

व्हॉइस मेसेज असे कॉपी होत नाहीत. ते आवाजाच्या फाइली म्हणून फोनच्या साठवणीत पडून असतात. फाइल्स ॲप उघडा आणि अंतर्गत साठवणीतून या जागी जा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Voice Notes
```

आत वर्ष आणि आठवड्याच्या आकड्यांची फोल्डरे दिसतील. सर्वांत अलीकडच्या फोल्डरमध्ये .opus अशा शेपटीच्या फाइली असतात. कालची तारीख आणि दुपारी तीनच्या सुमाराची वेळ पाहून तुमच्या दोन फाइली ओळखा, वाजवून खात्री करा आणि त्यांची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये किंवा मेमरी कार्डवर ठेवा. तुम्ही व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल, आणि व्यापारात बरेच जण तेच वापरतात, तर वाटेतले com.whatsapp हे नाव com.whatsapp.w4b असे आणि त्यापुढचे फोल्डर WhatsApp Business असे दिसेल. फोटो अडकले असते, तर ते त्याच Media फोल्डरमधल्या WhatsApp Images च्या आत Sent नावाच्या फोल्डरमध्ये शोधायचे असतात.

दुसरी प्रत ॲपकडूनच करून घ्या. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये Chats, मग Chat backup असे गेलात, की शेवटची प्रत कधी झाली ती वेळ दिसते. अँड्रॉइडवर हे ॲप रोज पहाटे 2 वाजता फोनमध्येच एक प्रत करते. तुमचे मेसेज काल दुपारचे आहेत, म्हणजे आज पहाटेची प्रत झाली असेल तर ते तिच्यात आहेत. तरीही नशिबावर ठेवू नका. Back up वर दाबा. ड्राइव्हवर चढवण्याचा टप्पा नेट नसल्याने अडेल, पण फोनमधली प्रत होण्यासाठी नेट लागत नाही. ती या फोल्डरमध्ये तयार होते:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

आत msgstore ने सुरू होणाऱ्या फाइली दिसतील. त्यांपैकी आत्ताची वेळ असलेली फाइल झाली का ते पाहा आणि हे संपूर्ण फोल्डर संगणकावर किंवा कार्डवर उतरवून घ्या. आयफोनवर अशी हाताला लागणारी फाइल नसते, तिथली प्रत आयक्लाउडवरच होते. म्हणून आयफोनधारकांनी मजकूर कॉपी करण्यावर आणि स्क्रीनच्या फोटोवर भर द्यावा.

इथे जवळजवळ असलेल्या दोन बटणांबद्दल सांगणे भाग आहे, कारण माझ्या दुकानात येणाऱ्या हानीपैकी पुष्कळशी तिथेच झालेली असते. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲपची माहिती उघडली, की Storage या भागात Clear cache आणि Clear storage अशी दोन बटणे शेजारीशेजारी असतात. काही फोनवर दुसऱ्याला Clear data म्हणतात. पहिल्याने फक्त तात्पुरत्या फाइली जातात, मेसेजना धक्का लागत नाही. दुसऱ्याने डेटाबेस पुसला जातो, म्हणजे ते ॲप काढण्याइतकेच घातक आहे. गेल्या वर्षी एक शिक्षिका दुकानात आल्या होत्या. सकाळी नऊ वाजता पालकांना लिहिलेले लांबलचक मेसेज घड्याळावर अडकले, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी दुसरे बटण दाबले. पहाटे 2 ची प्रत आम्ही परत आणली, जुन्या सगळ्या चॅट आल्या. पण नऊचे मेसेज त्या प्रतीत असण्याचे कारणच नव्हते. ते लिहिलेच नंतर होते, आणि ते परत मिळाले नाहीत.

आता वाटेकडे येतो. वायफायची रेंज पूर्ण, यूट्यूब चालू आणि तरीही घड्याळ, ही तक्रार पिंपळगाव, ओझर, निफाड या पट्ट्यातून माझ्याकडे वारंवार येते आणि ती ऐकणाऱ्याला खोटी वाटते. ती खोटी नसते. वायफायच्या कमानी फक्त तुमचा फोन आणि घरातला राउटर यांच्यातले अंतर सांगतात. राउटरच्या पलीकडे वायर तुटली आहे की शाबूत, हे त्या कमानींना कळत नाही. यूट्यूबचे कोडे त्याहून सूक्ष्म आहे. गूगल आपले लोकप्रिय व्हिडिओ ठेवण्यासाठी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यातच आपली यंत्रे बसवते, म्हणजे ते व्हिडिओ दूरवरून आणावे लागत नाहीत. तुमच्या भागातल्या पुरवठादाराची बाहेर जाणारी मुख्य जोडणी बिघडली, पण या यंत्रापर्यंतची जोडणी शाबूत राहिली, तर यूट्यूब चालते आणि उरलेले इंटरनेट चालत नाही. चॅटचा मेसेज अशा साठ्यातून देता येत नाही, त्याला थेट व्हॉट्सॲपच्या सर्व्हरपर्यंत जावेच लागते.

याच्यापुढे आणखी एक गाठ बसते. आपण ज्या वायफायला जोडलो आहोत त्याला इंटरनेट आहे की नाही, हे अँड्रॉइड फोन स्वतः तपासतो, आणि ते तपासण्यासाठी सहसा गूगलच्याच एका पत्त्यावर छोटीशी विचारणा करतो. उत्तर आले नाही तर तो वायफायच्या खुणेवर उद्गारचिन्ह दाखवतो आणि मोबाइल डेटा चालू असेल तर तिकडे वळतो. पण गूगलपर्यंतची वाट मोकळी असली, की फोनला सगळे ठीक वाटते. तो वायफायला चिकटून बसतो आणि खिशातल्या सिमवर नेट असूनही तिकडे वळत नाही. मेसेज मात्र घड्याळावर.

हे कसे ओळखायचे? ब्राउझरमध्ये गूगलची नसलेली दोन संकेतस्थळे उघडून पाहा, आणि तीही अशी, जी या आठवड्यात तुम्ही उघडलेली नाहीत, नाहीतर फोनमध्ये साठलेले जुने पान दिसून फसगत होते. bhulekh.mahabhumi.gov.in या सातबाऱ्याच्या संकेतस्थळासारखे एक आणि एखाद्या वर्तमानपत्राचे एक घ्या. एकच घेऊ नका, कारण ते संकेतस्थळच त्या वेळी बंद असू शकते. दोन्ही उघडली नाहीत आणि यूट्यूबवर आजवर न पाहिलेला व्हिडिओ मात्र चालला, तर दोष तुमच्या पुरवठादाराच्या जोडणीत आहे, फोनमध्ये नाही. ब्रॉडबँडची मुदत संपली असेल, तर ब्राउझर पैसे भरण्याच्या पानावर नेतो. तेही याच तपासणीत दिसून जाते.

असेच एक प्रकरण मागच्या द्राक्षहंगामात ओझरचे एक बागायतदार घेऊन आले होते. तुमच्या परिस्थितीशी ते इतके जुळते की तपशिलात सांगतो. त्यांचे नऊ मेसेज अडकले होते: क्रेटचे चार फोटो, एक व्हॉइस मेसेज आणि चार लिखित मेसेज. घरी वायफाय असल्याने मोबाइल डेटा ते कायम बंद ठेवत, त्यामुळे घरातून निघून नाशिकला माझ्या काउंटरपर्यंत आले तरी फोनला कुठलेच नेट नव्हते आणि घड्याळे तशीच होती. मी आधी विमान मोड लावला आणि मेसेज त्यांना एकेक वाचून दाखवायला सांगितले. पहिल्या लिखित मेसेजमध्ये त्यांनी किलोला 42 रुपये भाव कळवला होता. त्यानंतर दोन तासांनी फोनवर बोलून तो 38 ठरला होता. 38 चा मेसेज त्यांनी लिहिलाच नव्हता, बोलणे झाले म्हणून. वाट मोकळी झाली असती तर व्यापाऱ्याला ठरलेल्या भावानंतर दुसऱ्या दिवशी 42 चा मेसेज गेला असता, आणि त्यावरून गैरसमज व्हायला वेळ लागला नसता.

म्हणून नेट बंद असतानाच आम्ही तो मेसेज दाबून धरला, डिलीट केला आणि बाकीच्या तीन लिखित मेसेजचा मजकूर नोट्समध्ये उतरवला. अडकलेला मेसेज डिलीट करताना 'सर्वांसाठी' हा पर्याय दिसण्याची अपेक्षा धरू नका, कारण तो अजून कोणाकडे गेलेलाच नसतो. फक्त स्वतःकडून काढणे पुरेसे होते. मग विमान मोड काढून दुकानाच्या वायफायला फोन जोडला आणि व्हॉट्सॲप उघडे ठेवले. तीन लिखित मेसेजच्या खुणा काही सेकंदांत आल्या. त्यांच्यामागे व्हॉइस मेसेज गेला. फोटोंना वेळ लागला, कारण फोटो हा मेसेजसारखा थेट जात नाही. तो आधी सर्व्हरवर चढवला जातो आणि त्यानंतर त्याची माहिती मेसेज म्हणून जाते. चारपैकी एका फोटोवर वर जाणारा बाण आणि Retry असे दिसत राहिले, तिथे एकदा दाबल्यावर तोही गेला. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी राउटरच्या पुरवठादाराला फोन केला, तेव्हा आदल्या दिवसापासून त्या भागातली एक जोडणी तुटल्याचे कळले.

तुमच्या बाबतीतही मजकूर वाचवून झाल्यावर पहिला प्रयोग हाच करा: वायफाय पूर्ण बंद करा, मोबाइल डेटा चालू करा, विमान मोड काढा, व्हॉट्सॲप उघडून ती चॅट समोर ठेवा आणि एक-दोन मिनिटे स्क्रीन चालू राहू द्या. विमान मोड काढण्याचा आणखी एक उपयोग इथे होतो. ॲप सर्व्हरशी एक जोडणी सतत उघडी ठेवते, आणि वाट मधेच तुटली तर कधीकधी फोनला ते लवकर उमगत नाही. त्याच्या लेखी जोडणी जिवंत असते, तो त्या मेलेल्या जोडणीवर मेसेज सोडून पोचेची वाट पाहत राहतो. विमान मोड लावून काढला की जुनी जोडणी निश्चितपणे संपते आणि नवी बांधली जाते. लोक याला फोनला झटका देणे म्हणतात. त्यामागचे कारण इतके साधे आहे.

मोबाइल डेटावरही घड्याळ गेले नाही, पण ब्राउझरमधली दोन्ही संकेतस्थळे उघडली, तर मग दोष फोनच्या आत आहे आणि तिथे मी एका खुणेवरून सुरुवात करतो. स्क्रीनवर ॲप उघडे असताना मेसेज जातो आणि पाठवून लगेच फोन खिशात टाकला की अडकतो, असे होते का? होत असेल, तर पार्श्वभूमीवर चालण्याची बंदी हे कारण आहे. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड 2015 पासून, म्हणजे त्याच्या सहाव्या आवृत्तीपासून, स्क्रीन बंद राहिल्यावर ॲपचे नेट लांबणीवर टाकतो, आणि काही फोन-उत्पादकांचे स्वतःचे बॅटरीरक्षक त्याहून कठोर असतात. ॲपच्या माहितीत Mobile data या भागात Background data आणि Unrestricted data usage ही दोन्ही चालू करा आणि बॅटरीच्या भागात व्हॉट्सॲपला Unrestricted ठेवा. काही फोनवर प्रत्येक ॲपसाठी वायफाय आणि मोबाइल डेटाची वेगळी परवानगी असते. घरातल्या मुलांनी डेटा वाचवण्यासाठी ती काढलेली मी अनेकदा पाहिली आहे. तसेच Force stop हे बटण दाबलेले ॲप तुम्ही स्वतः उघडेपर्यंत काहीही पाठवत नाही, म्हणून ते दाबून 'आता जाईल' असे समजून वाट पाहत बसू नका.

तारीख आणि वेळही पाहा. बॅटरी बदलून आणलेल्या किंवा बरेच दिवस बंद पडलेल्या फोनची तारीख मागे गेलेली असते. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे ठरावीक काळापुरतीच वैध असल्याने चुकीच्या तारखेच्या फोनला ती अवैध वाटतात आणि जोडणीच होत नाही. वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू केला की हे सुटते. जाहिराती अडवण्यासाठी कोणी Private DNS मध्ये एखादे नाव भरून ठेवले असेल किंवा व्हीपीएन चालू असेल, तर तेही तात्पुरते बंद करून पाहा. फोनची साठवण गच्च भरली असेल तर ॲपला डेटाबेसमध्ये नवे लिहिता येत नाही. अशा वेळी जागा करताना व्हॉट्सॲपचे फोल्डर सोडून दुसरीकडचे व्हिडिओ पुसा.

कधीकधी तुमच्याकडे काहीच बिघडलेले नसते. 25 ऑक्टोबर 2022 रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, व्हॉट्सॲपच जगभर सुमारे दोन तास बंद पडले होते, आणि 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री तर ते सुमारे सहा तास बंद होते. त्या वेळी माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांनी फोनला हात लावला नव्हता, त्यांचे मेसेज सेवा सुरू झाल्यावर आपणहून गेले. ज्यांनी घाईने ॲप काढले, त्यांचे गेले नाहीत. तसेच तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला गेलेल्यांच्या फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण असूनही घड्याळ दिसते. काड्या टॉवरच्या संकेताचा जोर दाखवतात, त्या टॉवरवर किती फोन रांगेत उभे आहेत ते दाखवत नाहीत. तिथे फोटोऐवजी साधा मजकूर पाठवावा आणि तातडीचे असेल तर एसएमएस करावा. तो डेटाच्या वाटेने जात नाही, म्हणून कित्येकदा निघून जातो.

एसएमएसचा किंवा फोनचा आधार घेतलात, तर एक पथ्य पाळा. हिशेब दुसऱ्या मार्गाने कळवून झाला की व्हॉट्सॲपमधली अडकलेली प्रत नेट बंद असतानाच काढून टाका, नाहीतर वाट सुटल्यावर तोच हिशेब दुसऱ्यांदा पोचतो आणि समोरचा त्याला नवी गाडी समजू शकतो. त्यातही एक बारीक शक्यता उरते. मेसेज सर्व्हरपर्यंत पोचला, पण पोच परत येताना वाट तुटली, तर तुमच्या फोनवर घड्याळ आणि व्यापाऱ्याच्या फोनवर मेसेज, असे दोन्ही एकाच वेळी असू शकते. ॲप तोच मेसेज पुन्हा पाठवते तेव्हा त्याचा क्रमांक तोच राहतो, त्यामुळे तो दोनदा दिसत नाही. पण तुम्ही कॉपी करून नव्याने पाठवलात, तर तो वेगळा मेसेज ठरतो. पैशांचा आकडा असेल तेव्हा नव्याने पाठवण्यापूर्वी 'काल तीननंतरचे काही आले आहे का' एवढे फोनवर विचारून घ्या.

संगणकावरून लिहिलेला मेसेज अडकला असेल तर तो फोनमध्ये शोधू नका. जोडलेला संगणक स्वतंत्रपणे पाठवतो आणि न गेलेला मेसेज त्याच्याच ब्राउझरमध्ये राहतो. तिथून लॉग आउट केले, की तो गेला. मजकूर तिथेच कॉपी करा.

आणि ॲप आधीच काढून झाले असेल, तर पुन्हा टाकण्यापूर्वी Databases हे फोल्डर फोनमध्ये शिल्लक आहे का ते पाहा आणि असेल तर त्याची प्रत बाहेर ठेवा. तुम्ही ते आधीच संगणकावर उतरवले असेल, तर परत त्याच जागी ठेवा. मग चालू असलेल्या नेटवर ॲप टाकून त्याच नंबरने सहा आकडी कोड भरा. प्रत सापडल्याचे सांगून Restore असे विचारले जाईल, तिथे घाईने Skip दाबू नका. प्रतीला तुम्ही स्वतः पासवर्ड किंवा 64 अंकी किल्ली लावली असेल, तर तीही लागेल आणि तिच्याशिवाय प्रत उघडत नाही. प्रत परत आल्यावर जुना मेसेज चॅटमध्ये दिसला, तरी तो आपोआप निघेल यावर विसंबू नका. मजकूर कॉपी करून नव्याने पाठवा.

तुमच्या सात मेसेजबाबत आज करायचे एवढेच: विमान मोड, लिखित मेसेज नोट्समध्ये, दोन .opus फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि त्यात आता लागू नसलेला भाव किंवा गाडीचा नंबर असेल तर तो मेसेज डिलीट. मग वायफाय बंद ठेवून मोबाइल डेटावर ॲप उघडा. व्हॉइस मेसेज तरीही हलले नाहीत, तर काढून ठेवलेल्या फाइली त्याच चॅटमध्ये पिनच्या खुणेतून Document म्हणून जोडून पाठवता येतात. सातही मेसेजसमोर एकेक खूण दिसल्यावर व्यापाऱ्याला फोन करून गाड्यांची संख्या तोंडी पडताळून घ्या, आणि घरच्या राउटरच्या पुरवठादाराकडे तक्रार नोंदवताना 'नेट बंद आहे' एवढेच न सांगता 'यूट्यूब चालते, पण इतर संकेतस्थळे उघडत नाहीत' असे नेमके सांगा, म्हणजे त्यांचा माणूस तुमचा राउटर बदलण्यात वेळ न घालवता पुढची जोडणी तपासेल.